पंखा सावकाश, मीटर किती सावकाश?

पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितली जातात. एक मत घरातल्या मोठ्यांचं: पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढंच येणार, मग उगाच घामात कशाला झोपायचं? दुसरं मत इलेक्ट्रिकच्या दुकानातलं: इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा, पंख्याचं बिल निम्म्यावर येईल. पहिलं मत जुन्या रेग्युलेटरच्या बाबतीतसुद्धा चूक आहे. दुसरं खरं आहे, पण ज्या वेळी आपण पंखा हळू फिरवतो तेवढ्या वेळापुरतंच. आणि आपण तो वर्षातून किती तास हळू फिरवतो, हे दुकानदार विचारत नाही.

जुना रेग्युलेटर म्हणजे काय होता, ते आधी पाहू. चाळीत, वाड्यात, सरकारी क्वार्टरमध्ये लाकडी स्विचबोर्डावर बसवलेला तो काळा किंवा पांढरा चौकोनी डबा. मध्ये १ ते ५ आकड्यांची चकती, बाजूला हवेसाठी भोकं. उघडला तर आत चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेली, वेटोळ्यावेटोळ्यांची रोधक तार दिसते. तारेतून चार ठिकाणी फाटे काढून ते चकतीखालच्या पितळी टोकांना जोडलेले असतात. पाचवर असताना ही तार वाटेत येतच नाही, वीज थेट पंख्याला जाते. चारवर तारेचा थोडा तुकडा वाटेत येतो, तीनवर आणखी, आणि एकवर सगळी तार. तारेत काही व्होल्ट खर्ची पडतात आणि उरलेले पंख्याला मिळतात. व्होल्ट कमी मिळाले की मोटरचा जोर कमी होतो आणि पंखा मंदावतो.

आता हिशेब करू. ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटर पात्याचा साधा जुना पंखा २३० व्होल्टवर पूर्ण वेगात साधारण ७२ वॅट घेतो. त्याचा प्रवाह असतो ०.३२ अँपिअरच्या आसपास. हाच पंखा जुन्या डब्यावर एकवर आणला की त्याला ११० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि प्रवाह उतरतो ०.१८ अँपिअरवर. पंखा स्वतः त्या वेळी १८ वॅट खातो. पण तोच ०.१८ अँपिअर प्रवाह तारेतूनही जात असतो आणि तारेवर सव्वाशेच्या आसपास व्होल्ट खर्ची पडत असतात, म्हणजे डब्यात २३ वॅट नुसती उष्णता होऊन जाते. दोन्ही मिळून ४१ वॅट. पंख्या-पंख्यागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहतं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पाचवरचे ७२ आणि एकवरचे ४१, हे काही सारखे नाहीत. म्हणजे ‘बिल तेवढंच’ हे जुन्या डब्याच्या काळातही खरं नव्हतं. मोठी माणसं म्हणायची ते अर्धवट खरं होतं एवढंच: वाचायला हवी होती तेवढी वीज वाचत नव्हती, आणि ती कुठे जाते ते हाताला चटका देऊन डबाच सांगत होता. दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. एकवर असताना हा डबा पंख्यापेक्षा जास्त वीज खातो.

इतर आकड्यांवर काय होतं? तीनवर पंखा स्वतः ३५ वॅटच्या आसपास घेतो आणि डबा २१. चारवर पंखा ५० च्या थोडा वर आणि डबा १२. पाचवर डबा शून्य. म्हणजे एक ते तीन या टप्प्यांत डब्यातली उधळपट्टी जवळपास सारखीच, वीस-बावीस वॅट असते. हळू केलं की तारेची लांबी वाढते पण प्रवाह घटतो, त्यामुळे एकूण उष्णता तिथल्या तिथेच घुटमळते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जास्तीत जास्त काय वाचवू शकतो, त्याची मर्यादा इथेच ठरली. डब्यात जेवढी उष्णता होत होती तेवढीच वाचेल, त्याहून एक वॅटही जास्त नाही. पाचवर काहीच उष्णता होत नव्हती, तर पाचवर काहीच वाचणार नाही.

‘इलेक्ट्रॉनिक’ या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिली जात गोल फिरणाऱ्या नॉबची. तिला मधले टप्पे नसतात, वेग हळूहळू चढतो-उतरतो. वायरमन तिला ‘डिमर’ म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, कारण दिवा मंद करायच्या डिमरचीच ती बहीण आहे. आत ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे १०० अर्धआवर्तनं. हा स्विच प्रत्येक अर्धआवर्तनात सुरुवातीचा काही वेळ बंद राहतो आणि मग चालू होतो. जेवढा उशिरा चालू होईल तेवढी कमी वीज पंख्याला मिळते. बंद असताना त्यातून प्रवाह नाही आणि चालू असताना त्याच्यावर जेमतेम एक व्होल्ट पडतो, त्यामुळे तो तापत नाही. पण पंख्याच्या मोटरला हे तुटक जेवण मानवत नाही. ती कमी वेगावर घुंऽऽ असा आवाज करते आणि थोडी जास्त तापते, म्हणजे वाचलेल्या विजेतली थोडी मोटरमध्ये परत जाते. ज्यांच्या घरी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लागायची त्यांना या जातीची आणखी एक खोड आठवत असेल: पंखा दोनवर आणला की रेडिओत खरखर सुरू व्हायची. प्रवाह सेकंदाला १०० वेळा एकदम सुरू झाल्यामुळे निघालेला तो गोंगाट होता.

दुसरी जात म्हणजे ‘स्टेप टाइप’. आजकाल मॉड्युलर प्लेटमध्ये बसणारे, टक्‌ टक्‌ करत पाच टप्प्यांत फिरणारे बहुतेक रेग्युलेटर याच जातीचे आहेत. यात ट्रायॅक-बियॅक काही नसतं. आत एक फिरता स्विच आणि दोन-तीन मायक्रोफॅरडचे दोन छोटे कंडेन्सर, बस्स. जुन्या डब्यात ज्या जागी रोधक तार होती त्याच जागी इथे कंडेन्सर येतो. तोही व्होल्ट अडवतो, पण तापत नाही. तार विजेला खाऊन टाकते. कंडेन्सर मात्र शेजारणीने वाटीभर साखर न्यावी आणि लगेच परत आणून द्यावी तसा वागतो: प्रत्येक आवर्तनात तो वीज साठवतो आणि त्याच आवर्तनात ती परत करतो. खर्च होतो तो वॅटच्या थोड्याशा भागाएवढा. मोटरला मिळणारी वीजही सलग, गुळगुळीत असते, म्हणून घूं आवाज नाही की रेडिओत खरखर नाही. घ्यायचाच असेल तर हाच घ्यावा, असं माझं मत आहे.

या कंडेन्सरपायीच एक गैरसमज पसरला आहे, आणि तो पसरवणारी मंडळी अडाणी नाहीत. घरी मीटर असलेली, स्वतः मोजून पाहणारी माणसं आहेत ही. ते काय करतात? पंखा एकवर ठेवून वायरीला क्लॅम्प मीटर लावतात. जुन्या डब्यावर आकडा येतो ०.१८ अँपिअर. नवा स्टेप टाइप बसवून पंखा त्याच वेगाला आणतात, आकडा पुन्हा ०.१८ च्या आसपासच येतो. मग ०.१८ गुणिले २३० केलं की दोन्हीकडे ४१ येतात, आणि निकाल लागतो: इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर म्हणजे निव्वळ फसवणूक.

मोजणी बरोबर आहे, निकाल चूक आहे. पंखा त्याच वेगात फिरवायचा तर त्याला तेवढेच व्होल्ट आणि तेवढाच प्रवाह लागणार. मालिकेत जोडलेल्या रेग्युलेटरमधूनही तोच प्रवाह जाणार. अँपिअर सारखे येणं हे अगदी अपेक्षित आहे. फरक अँपिअरमध्ये नसतो, वेळेत असतो. रोधक तारेत व्होल्ट आणि प्रवाह एकाच क्षणी चढतात, एकाच क्षणी उतरतात, म्हणून त्यांचा गुणाकार म्हणजे खर्च झालेली वीज. कंडेन्सरमध्ये प्रवाह आधी चढतो आणि व्होल्ट पाव आवर्तन मागे राहतात. त्यामुळे अर्धा वेळ वीज आत येते, अर्धा वेळ बाहेर जाते आणि बेरीज शून्याच्या जवळ राहते. क्लॅम्प मीटरला ही वेळ दिसतच नाही, तो फक्त अँपिअर सांगतो. घरचा वीजमीटर मात्र प्रत्येक क्षणाचे व्होल्ट आणि प्रवाह गुणून बेरीज करत असतो, आणि घरगुती बिलातलं युनिट त्या खऱ्या वॅटवरून निघतं. त्याच्या लेखी जुन्या डब्यावर ४१ वॅट आणि स्टेप टाइपवर १९-२० वॅट.

यावर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरच्या मीटरवर हे ताडून पाहता येतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असा काहीतरी मजकूर छापलेला असतो. त्याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं बाकी सगळं बंद करा. फ्रीज, वायफाय, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, प्लगमध्ये विसरलेला मोबाइलचा चार्जर, आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. इन्व्हर्टर हा या प्रयोगाचा सगळ्यात मोठा वैरी: बॅटरी चार्ज करत तो मुकाट्याने वीज ओढत असतो, आणि मेन बंद केली तर पंखा त्याच्याच बॅटरीवर फिरू लागतो. म्हणून त्याचा इनपुटच बंद करायचा आणि पंखा थेट लाइनवर फिरतोय याची खात्री करायची. सगळं बंद असताना दोन-चार मिनिटं दिवा लुकलुकत नसेल तर पाटी कोरी आहे.

मग फक्त पंखा चालू करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकी मोजा. एक लुकलुक झाली की घड्याळ सुरू करायचं आणि तिथून पुढच्या दहाव्या लुकलुकीला थांबवायचं. ३२०० च्या मीटरवर वॅट काढायचे तर ११,२५० ला सेकंदांनी भागा. पाचवर १५६ सेकंद लागले तर ७२ वॅट. जुन्या डब्यावर एकचा आकडा घेतला तर साधारण २७४ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटं, लागतील. ते झाले ४१ वॅट. नव्या स्टेप टाइपवर त्याच वेगाला नऊ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल, २० वॅट. मीटरवरचा आकडा ३२०० ऐवजी १६०० असेल तर २२,५०० ला भागायचं. दोन्ही वेळा पंख्याचा वेग सारखा आहे ना, एवढं मात्र बघा. नव्या रेग्युलेटरचा ‘एक’ आणि जुन्याचा ‘एक’ सारखेच असतील असं नाही. नव्याचा एक जास्त हळू असेल तर बचत आहे त्यापेक्षा मोठी दिसते, आणि जाहिरातीतल्या काही बचती अशाच जन्माला येतात.

आता पैशांचं. पुण्यातल्या एखाद्या घरातली बेडरूम धरू. एप्रिल-मे आणि जूनचे सुरुवातीचे दिवस पंखा पाचवर. थंडीत काही आठवडे बंदच. उरलेले, म्हणजे पावसाळ्याचे आणि त्याच्या मागचेपुढचे मिळून सात महिने रात्री आठ तास दोनवर किंवा तीनवर. २१० रात्री गुणिले आठ म्हणजे १,६८० तास. तासाला २० वॅट वाचले तर वर्षाला ३३ ते ३४ युनिट. कर आणि वहन आकार धरून युनिटला दहा रुपये मोजले, तर ३३५ रुपयांच्या आसपास. एक बरा स्टेप टाइप रेग्युलेटर आणि वायरमनची मजुरी धरली तर खर्च साधारण वर्ष-दीड वर्षात भरून निघतो. वाईट नाही, पण ‘बिल निम्म्यावर’ हे शब्द इथे बसत नाहीत. महिन्याला दोनशे युनिट जळणाऱ्या घरात हे वर्षाचे ३३ युनिट म्हणजे सव्वा टक्क्याच्याही जरा वर इतकंच.

हाच हिशेब हॉलच्या पंख्याला लावा. तिथे दिवसा माणसं येतात-जातात, पंखा जवळपास कायम पाचवर. बचत शून्य. नागपूर-चंद्रपूरकडे मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत बेडरूमचीही तीच गत. तिथे रेग्युलेटरला कुणी हात लावत नाही. उलट कोकणात पावसाळ्याच्या रात्री हवा दमट पण गार, पंखा हवाच पण एकवर-दोनवर, आणि तोही रात्रभर. लहान बाळ असलेल्या घरात तर बाळ झोपलं की पंखा दिवसाही दोनवर येतो. अशा ठिकाणी बचत खरी आहे. म्हणजे नवा रेग्युलेटर घ्यावा की नाही, याचं उत्तर त्याच्या खोक्यावर छापलेलं नसतं, आपल्या हवामानात आणि सवयीत असतं.

जुना डबा रोधक तारेचाच आहे का, हे न उघडता ओळखता येतं. पंखा दोनवर ठेवून अर्धा तास फिरू द्या आणि डब्याच्या बेकेलाइटवर तळहात ठेवा. चांगलाच गरम लागला, जवळ आणल्यावर तापलेल्या धुळीचा वास आला, की ती तार. काही जुने डबे वजनाला भारी असतात पण फारसे तापत नाहीत, नुसतं बारीक गुणगुणतात. त्यांत तारेऐवजी लोखंडी गाभ्यावरचा चोक असतो, आणि तो मुळातच कमी वीज जाळतो. तिथे बदलून फारसं काही हाती लागत नाही. बिघाडही जातीप्रमाणे वेगळा. तार मध्येच तुटली की पंखा फक्त पाचवर फिरतो, किंवा खालचे काही आकडे मेलेले असतात. ट्रायॅक आतून शॉर्ट झाला तर नॉब कुठेही फिरवा, पंखा भरधाव. स्टेप टाइपमधला कंडेन्सर कालांतराने क्षीण होतो. मग तीनवर पूर्वी मिळायचा तेवढा वेग चारवर मिळू लागतो. पाचवर वेग चांगला आणि खालीच मंद झालाय असं असेल तर दोष रेग्युलेटरचा. पाचवरही मंद असेल तर पंख्याच्या कॅनॉपीखालचा कंडेन्सर संपत आलाय, तो अडीच मायक्रोफॅरडचा भाग स्वस्तात बदलून मिळतो. बरीच घरं अशा मरतुकड्या पंख्याला पाचवर रेटत राहतात आणि रेग्युलेटरला दोष देतात.

एक गोष्ट मात्र कुठलाही रेग्युलेटर वाचवू शकत नाही. पंख्याला हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते: वेग निम्मा केला की ती आठव्या हिश्शावर येते. पूर्ण वेगात ७२ वॅट घेणारा पंखा निम्म्या वेगात नऊ वॅटमध्ये चालायला हवा. प्रत्यक्षात तो १८ घेतो. कारण या मोटरच्या आत फिरणारं चुंबकीय क्षेत्र विजेच्या ५० आवर्तनांशी बांधलेलं असतं. १४ ध्रुवांच्या मोटरमध्ये ते मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेतं, व्होल्ट कमी करा की जास्त. पाती १९० फेऱ्यांवर आणली तरी क्षेत्र ४२८ नेच पळत असतं, आणि दोघांमधल्या या फरकाची वीज रोटरमध्ये उष्णता होऊन जाते. निम्म्या वेगात रोटरला पोचलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त अशीच जाते. ही उष्णता पंख्याच्या पोटात, छताजवळ, आपल्या हाताला न लागणारी. म्हणून तिची तक्रार कुणी करत नाही.

ती वाचवायची तर रेग्युलेटर नव्हे, पंखाच बदलावा लागतो. बीएलडीसी पंख्यात आतलं क्षेत्रच पात्यांच्या वेगाने फिरवलं जातं. असा पंखा पूर्ण वेगात २८ ते ३५ वॅट घेतो आणि सगळ्यात कमी वेगात सहा-सात वॅटवर भागवतो. म्हणजे हॉलमध्ये, जिथे रेग्युलेटर बदलून काहीच मिळत नव्हतं, तिथे पाचवर तासाला चाळीस वॅट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं तारांकित लेबल सक्तीचं झालं आहे, त्यामुळे निदान दुकानात तुलना करायला काहीतरी छापील मिळतं. फक्त असा पंखा आणला की भिंतीवरचा रेग्युलेटर, जुना असो की नवा, वायरमनकडून बाजूला काढून पंख्याला सरळ स्विचवरून लाइन द्यायला सांगा. त्याचा वेग रिमोटवर बदलतो. मध्ये ट्रायॅक किंवा कंडेन्सर राहिला तर आतलं सर्किट अडखळतं, कधी पंखा मध्येच बंद पडतो, कधी सर्किट जळतं, आणि अशा वेळी पुष्कळदा वॉरंटीही नाकारली जाते.